ऑर्डरी वाढल्या पण खात्यात पैसाच नाही: मार्केटप्लेसवर विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याने खेळतं भांडवल कसं सांभाळायचं

पॅनलवर सेल दिसतोय महिन्याला साडेतीन-चार लाखाचा, आणि शनिवारी कारागिराला द्यायला तीस हजार जमवताना घाम फुटतोय. बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातून ऑनलाइन माल विकणाऱ्या बऱ्याच जणांची ही गत हाय. शहापूर-वडगावची साडी असो की निपाणीकडची कोल्हापुरी चप्पल, गोष्ट तीच. लोक म्हणतात मार्केटप्लेस पैसे अडवतंय. कधीकधी अडवतंही, पण बहुतेक वेळा सगळं नियमाप्रमाणेच चालू असतं आणि तरी पैसा नसतो, कारण तुमचा पैसा वाटेत असतो, आणि वाटेत नेमका किती हाय हे कुणी मोजलेलं नसतं.

मी इथं चपलेचंच उदाहरण घेतो, एकच, आणि शेवटपर्यंत तेच चालवतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाला तेव्हा त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार जिल्हे आले, त्यात आपला बेळगाव हाय. म्हणजे निपाणी-अथणीकडचा कारागीर करतो तीही अस्सल कोल्हापुरीच. विकायला अडचण नाही. अडचण पैशाच्या फेऱ्यात हाय.

पायरी १: एका जोडाचा प्रवास दिवसात मोजा

वही घ्या. कारागिराच्या हातात पैसे ठेवले तो दिवस शून्य धरा, आणि त्याच जोडाचे पैसे तुमच्या बँकेत आले तो दिवस शेवटचा. मधले दिवस लिहून काढा.

आपला विक्रेता निपाणीजवळच्या एका गावातला धरू. रोज सरासरी २० जोड पाठवतो. माल घरात साधारण २० दिवस पडून राहतो, म्हणजे आज आणलेला जोड सरासरी वीस दिवसांनी विकला जातो. ऑर्डर आली की पॅक करून कुरिअरच्या हातात जायला २ दिवस. गिऱ्हाइकापर्यंत पोचायला ५ दिवस, पुण्याला तीन दिवसात जातो आणि गुवाहाटीला आठ लागतात, सरासरी पाच. पोचल्यावर रिटर्नची मुदत संपेपर्यंत ७ दिवस पैसे राखून ठेवले जातात. मुदत संपली की पुढच्या सेटलमेंटच्या वारापर्यंत थांबायचं आणि मग बँकेत जमा, त्यात ३ दिवस. बेरीज ३७.

हे सात दिवस सगळ्या मार्केटप्लेसवर सारखे नसतात. कुठे डिलिव्हरीपासून मोजतात, कुठे डिस्पॅचपासून, आणि विक्रेत्याच्या रेटिंगप्रमाणे कमीजास्त होतात. तुमच्या पॅनलमध्ये पेमेंट पॉलिसीचं पान असतं, तिथला आजचा आकडा घ्या, मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला नको.

आता पैसे. चप्पल ७९९ ला जीएसटीसकट विकली. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी हाय, म्हणजे मूळ किंमत ७६१ आणि कर ३८. मार्केटप्लेसचं कमिशन, क्लोजिंग फी, शिपिंग मिळून १८० धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले २१२. मार्केटप्लेस जीएसटीपोटी कापून घेतं तो टीसीएस अर्धा टक्का म्हणजे चारेक रुपये, आयकरापोटी कापतं तो टीडीएस ०.१ टक्का म्हणजे रुपयापेक्षा कमी. हातात येणार ५८२. कारागिराला दिले ३८०, डबा-कागद-टेप २०, म्हणजे आपला खर्च जोडाला ४००.

मग अडकलेला पैसा असा निघतो: रोज २० जोड × ४०० रुपये × ३७ दिवस = २,९६,०००. शिवाय शंभरात वीस जोड परत येतात असं धरू (चपलेत साइजची भानगड असते, त्यामुळे हा आकडा काही फार नाही), म्हणजे रोज ४ जोड, आणि ते परत येऊन पुसून पुन्हा स्टॉकमध्ये लागायला अजून १० दिवस, त्याचे १६,०००. एकूण ३,१२,०००.

हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. धंदा नुसता जागेवर चालू ठेवायला एवढे पैसे कायम गुंतलेले राहणार. हा तोटा नाही, पण हा पैसा घरखर्चाला, पोराच्या फीला वापरता येत नाही.

यालाच २० ने भागा. १५,६०० येतात. म्हणजे रोजचा एक जोड वाढवायचा असेल तर आधी १५,६०० रुपये घालायला लागतात. रोजच्या २० चे ४० करायचे तर अजून ३ लाख १२ हजार, आणि तेही सेलच्या आधी.

आता नफ्यातून हे कधी भरून निघतंय बघू. शंभर जोड पाठवले, ८० टिकले. एका टिकलेल्या जोडात ५८२ मधून ४०० आणि ३८ च्या करातून कमिशनवरचे ३२ वजा जाऊन उरलेला जीएसटीचा किरकोळ भरणा ६ गेला की १७६ राहतात, म्हणजे ८० जोडांचे १४,०८०. परत आलेल्या २० जोडांचं रिटर्न शिपिंग आणि नवीन डबा धरून प्रत्येकी १००, म्हणजे २,०००. त्यातले तीन जोड घासलेले, विकायच्या लायकीचे नाहीत, गेले १,२००. जाहिरात पाठवलेल्या जोडामागे ३० म्हणजे ३,०००. उरले ७,८८०. महिन्याला ६०० जोड म्हणजे ४७ हजार. त्यातून भाडं, पॅकिंगला येणाऱ्या पोराचा पगार, घरखर्च मिळून ३० हजार काढले तर १७ हजार शिल्लक. ३ लाख १२ हजार जमवायला या हिशोबाने दीड वर्ष लागेल. आणि लोक काय करतात, दसऱ्याच्या सेलला पंधरवड्यात ऑर्डर डबल करतात आणि मग विचारतात पैसा गेला कुठं.

पायरी २: आलेला पैसा आणि यायचा पैसा जुळवा

सेटलमेंटचा दिवस आला की खात्यात ५८ हजार जमा झाले, बरं झालं म्हणून पुढं जाऊ नका. रिपोर्ट डाउनलोड करा. त्यात ऑर्डरनिहाय ओळी असतात, आणि त्यातच मागच्या हप्त्यातली रिटर्न वजा झालेली असतात, जाहिरातीचे पैसे वजा झालेले असतात, वजन जास्त लावून शिपिंग कापलेलं असतं. चपलेच्या डब्यात हे नेहमी होतं, डबा जरा मोठा घेतला की लांबी-रुंदी-उंचीवरून निघणारं वजन अर्ध्या किलोच्या वर जातं आणि पुढचा स्लॅब लागतो. डब्याचा फोटो टेप लावून काढून ठेवलेला असला तर क्लेम टाकता येतो, नसला तर बोलायचं काही कामच नाही.

एक साधी शीट करा. प्रत्येक ऑर्डर एक ओळ. ई कॉलममध्ये डिस्पॅचची तारीख, एफ मध्ये अपेक्षित रक्कम, जी मध्ये पैसे आल्याची तारीख, एच मध्ये रिटर्न आल्याची तारीख. मग या कॉलमांच्या बाहेर एका रिकाम्या सेलमध्ये एकच फॉर्म्युला:

```
=SUMIFS(F:F,E:E,"<"&TODAY()-20,G:G,"",H:H,"")
```

पाठवून वीस दिवस उलटले, पैसे आले नाहीत आणि मालही परत आला नाही, अशा सगळ्या ऑर्डरींची बेरीज हा सांगतो. आपल्या उदाहरणात ऑर्डरपासून पैसे यायला १७ दिवस लागतात म्हणून मी २० घेतले, तुमचे बावीस असतील तर पंचवीस टाका. हा आकडा शून्याच्या आसपास असला की समजायचं उशीर नियमातला हाय, तक्रार करून उपयोग नाही. आकडा वाढत चालला की मात्र खरंच काहीतरी अडकलंय. बहुतेक वेळा तीन गोष्टींपैकी एक असते: कुरिअरवाल्याने परत आणलेला माल हरवला आणि कुणाच्याच खात्यात लागला नाही, बँक खात्याचं नाव आणि जीएसटीवरचं नाव जुळत नाही म्हणून पेमेंट होल्डवर, नाहीतर रिटर्न आणि जाहिरात मिळून त्या हप्त्याचा बॅलन्सच मायनस गेला. हरवलेल्या मालाच्या क्लेमला मुदत असते, ती गेली की पैसे गेले, म्हणून हे दर आठवड्याला बघायचं, तीन महिन्यांनी सीएकडं फाइल देताना नाही.

टीसीएसचंही सांगतो, कारण बरेच जण ते सोडूनच देतात. मार्केटप्लेस दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-८ भरतं. त्यानंतर जीएसटी पोर्टलवर TDS and TCS Credit Received मध्ये जाऊन ते स्वीकारलं की पैसे तुमच्या कॅश लेजरमध्ये येतात आणि कर भरायला वापरता येतात. आपल्या विक्रेत्याचे महिन्याला अठराशे होतात. टीडीएस मात्र आयटी रिटर्न भरेपर्यंत हातात येत नाही, पण तो महिन्याला साडेतीनशेच्या आसपास, त्याने काही बिघडत नाही.

पायरी ३: तारखांचं कॅलेंडर, आठ आठवड्यांचं

आठ रकाने, आठ आठवडे. वर येणारे पैसे, खाली जाणारे, आणि तळाला शिल्लक. येणारे पैसे आजच्या ऑर्डरीवरून लिहायचे नाहीत, अडीच आठवड्यांपूर्वी आलेल्या ऑर्डरींवरून लिहायचे, आणि त्यातूनही वीस टक्के रिटर्न कापून. इथंच बहुतेकांचं कॅलेंडर चुकतं, आज ४० ऑर्डर आल्या म्हणून या आठवड्यात पैसे भरपूर असं मनात बसतं.

जाणाऱ्या बाजूला शनिवारची कारागिराची मजुरी, डबेवाला, पगार, भाडं आणि जीएसटी. दर महिन्याला रिटर्न भरत असाल तर जीएसटीआर-३बी ची २० तारीख. तिमाहीवाले असाल तर पहिल्या दोन महिन्यांना २५ तारखेला चलन आणि तिमाही संपल्यावर आपल्या कर्नाटकाला २२ तारीख. जीएसटी विक्रीच्या महिन्यात लागतो, पैसे आले का नाही हे सरकार बघत नाही, त्यामुळं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या मालाचा कर द्यायची तारीख आणि त्याच मालाचे पैसे यायची तारीख जवळजवळ येतात. चपलेवर ५ टक्के झाल्यापासून हा भार बराच हलका झालाय, कारण कमिशनवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिटच ३२ रुपये मिळतं आणि द्यायचे ३८. जाहिरात जोरात केली तर क्रेडिट उलट साचत जातं, आणि सेवांवरचं साचलेलं क्रेडिट रोखीत परत मिळत नाही, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका चपलेच्याच कंपनीच्या केसमध्ये तसा निकाल दिलाय. म्हणजे जाहिरातीच्या बिलावरचा जीएसटी हा सुद्धा अडकलेला पैसा धरा.

आता आपल्या भागाचं. चामडं उन्हात वाळायला लागतं, म्हणून पावसाळ्यात जोड कमी निघतात, आणि घरात साठवलेल्याला बुरशी धरते. कोल्हापुरीला गिऱ्हाईकही जून-जुलैत कमीच. पण दसरा-दिवाळीचा सेल ऑक्टोबरच्या आसपास, आणि त्याचा माल गणपतीच्या आधी हातात पाहिजे. म्हणजे कारागिराला उचल द्यायची वेळ येते नेमकी ज्या महिन्यात तुमची विक्री तळाला असते. शिवाय वेदगंगेला पूर आला की यमगर्णीला हायवे बंद, २०१९ ला आणि २०२१ ला झालाच होता, त्या दिवसात पिकअप नाही की डिलिव्हरी नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्ही राज्यांच्या एसटी बंद झाल्या तेव्हा बसच्या पार्सलने माल मागवणाऱ्यांची अशीच कोंडी झाली. म्हणून जुलै-ऑगस्टच्या रकान्यात येणाऱ्या बाजूला एक आठवडा सरळ शून्य टाका आणि बघा तरीही शनिवारची मजुरी निघते का.

ज्या आठवड्यात शिल्लकेची ओळ मायनस दिसेल त्याच्या सहा आठवडे आधी तुम्हाला कळलेलं असतं. बँकेत जायला, माल कमी उचलायला तेवढा वेळ पुरतो.

पायरी ४: कर्ज काढायच्या आधी दिवस कमी करा

लोकांचा सगळा राग सेटलमेंटच्या ७ दिवसांवर असतो, पण ते तुमच्या हातात नाहीत. हातात हाय तो घरातला २० दिवसांचा स्टॉक, आणि तोच सगळ्यात मोठा हाय.

मागच्या दोन महिन्यांच्या ऑर्डरी डिझाइन आणि साइजप्रमाणे लावून बघा. तीस डिझाइन ठेवलेल्या असतात आणि निम्म्याहून जास्त ऑर्डरी सहा-सात डिझाइनच्या असतात, त्यातही मधल्या दोन-तीन साइजच्या. बाकीचा माल कपाटात बसून असतो. ज्या जोडाला ४५ दिवसात ऑर्डर नाही तो सवलतीत काढा आणि पुन्हा मागवू नका. चालणारे डिझाइन मात्र दर आठवड्याला थोडे-थोडे घ्या, एकदम महिन्याचे नको. २० चे १२ दिवस झाले तर २० × ४०० × ८ म्हणजे ६४,००० मोकळे होतात. पॅकिंगचा एक दिवस वाचवला तर ८,००० सुटतात, तेही घ्या, पण त्यावर भांडत बसू नका.

दुसरी गोष्ट कारागिराची. बरेच सल्ले देणारे म्हणतात सप्लायरला उशिरा पैसे द्या. आपल्याकडं सप्लायर म्हणजे कोण, तर घरी बसून वेणी विणणारी बाई आणि तळ शिवणारे मामा, त्यांच्याकडं स्वतःलाच आठवड्याचं भांडवल नाही. त्यांचे पैसे लांबवले की ते दुसऱ्या व्यापाऱ्याची उचल घेतात आणि ऐन दिवाळीत तुमचा माल त्याच्याकडं जातो. मला तर हे धंद्याच्या हिशोबानेही पटत नाही आणि माणुसकीनेही नाही.

त्याऐवजी चामडं वेगळं काढा. ३८० मध्ये समजा १९० चामड्याचे आणि १९० मजुरीचे हायत. चामडं तुम्ही स्वतः व्यापाऱ्याकडून ३० दिवसांच्या उधारीवर घ्या आणि कारागिराला द्या, मजुरी शनिवारच्या शनिवारी रोख. चप्पल तयार व्हायला पाच-सहा दिवस जातात, म्हणजे तुम्हाला उधारीचा खरा फायदा २४ दिवसांचा, १९० × २० × २४ = साधारण ९० हजार. कारागिराचंही बरं, चामड्यात त्याचा पैसा अडकत नाही.

फक्त उधारीचा भाव विचारा. रोखीत १९० आणि उधारीत १९६ म्हणत असेल तर सहा रुपये ३० दिवसांचं व्याज झालं, म्हणजे महिन्याला तीन टक्क्यांच्या वर, वर्षाला ३८. एवढ्या महागात घेण्यापेक्षा बँकेतून काढून रोख द्या. १९२ म्हणत असेल तर वर्षाला साडेबारा टक्के पडले, चालतंय.

दोन्ही केलं तर ३,१२,००० मधून ६४ आणि ९० हजार जाऊन गरज १ लाख ५८ हजारावर येते. रोजचा एक जोड वाढवायला आता १५,६०० नाही, आठ हजाराच्या आत. कर्जाचा एक पैसा न घेता निम्मं काम झालं.

बॉर्डरचा एक मुद्दा पटकन. निपाणीतून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, पण तो दुसऱ्या राज्यातला सेल, आयजीएसटी लागणार, आणि ऑनलाइन परराज्यात विकायला जीएसटी नंबर पहिल्या रुपयापासून पाहिजेच. लवकर डिलिव्हरी व्हावी म्हणून महाराष्ट्रातल्या गोदामात माल ठेवायला सांगतात, त्याला महाराष्ट्राचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, आणि स्वतःचाच माल तिकडं पाठवताना त्यावर कर लावायला लागतो, तो विक्री होईपर्यंत अडकून राहतो. वर स्टॉक दोन ठिकाणी विभागला की एकूण दिवस वाढतात. रोज वीस जोडांच्या धंद्याला हे मला परवडणारं वाटत नाही.

पायरी ५: उरलेल्या खड्ड्याला कुठला पैसा

कायम गुंतून राहणाऱ्या पैशाला सगळ्यात चांगलं कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी. जेवढं वापरलं तेवढ्यावरच व्याज. ११ टक्के धरला तर महिनाभर दोन लाख वापरले तरी व्याज १,८३३.

बँकेत जाताना उद्यम नोंदणी (ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका), वर्षभराची जीएसटी रिटर्न, सेटलमेंट रिपोर्ट आणि पायरी ३ चं कॅलेंडर घेऊन जा. छोट्या उद्योगांना खेळत्या भांडवलाचा जुना नियम हाय की वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या किमान २० टक्के मर्यादा मिळावी. आपल्या विक्रेत्याची उलाढाल रोज १६ टिकलेल्या जोडांची, वर्षाला ४३-४४ लाख, म्हणजे नियमाने आठ लाखाच्या वर बसतं. तुम्ही मागा तीन. मुद्राच्या किशोर गटात पाच लाखापर्यंत तारण न देता बसतं, आणि व्यापारालाही ते मिळतं. मॅनेजर म्हणेल स्टॉक तर घरात कमीच दिसतोय. म्हणून स्टॉक स्टेटमेंटमध्ये तीन वेगळ्या ओळी दाखवा: घरातला माल, वाटेतला माल, मार्केटप्लेसकडून यायची रक्कम. तिसऱ्याला पॅनलचा रिपोर्ट जोडा, नाहीतर ती रक्कम धरत नाहीत. तुमचं खातं सौहार्द सोसायटीत किंवा पतसंस्थेत असलं तरी हेच कागद लागतात, फक्त व्याजदर नीट विचारून घ्या.

सेटलमेंट थेट सीसी खात्यात येऊ द्या, पैसे आले की व्याज आपोआप कमी. पण मार्केटप्लेसवरचं बँक खातं सेलच्या महिन्यात बदलू नका. पुन्हा व्हेरिफिकेशन होईपर्यंत पेमेंट थांबतं. हे बदल जून महिन्यात करायचे.

आता पॅनलवर चमकणारं ते बटण, दोन लाख लोन पाच मिनिटात. समजा महिना दीड टक्का म्हणतात, फ्लॅट, सहा महिने. व्याज १८,०००. प्रोसेसिंग दोन टक्के आणि त्यावर जीएसटी, ४,७२०. पण हप्ता दर आठवड्याच्या सेटलमेंटमधून कापला जातो, म्हणजे तुमच्याकडं सरासरी एक लाखच राहतात. लाखावर सहा महिन्यात पावणेतेवीस हजार, वर्षाला ४० टक्क्यांच्या वर. ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने की फॅक्ट स्टेटमेंट द्यायलाच पाहिजे, त्यात एपीआर, म्हणजे फी धरून पडणारा वर्षाचा खरा दर, लिहिलेला असतो. महिन्याचा टक्का बघू नका, तो एपीआर बघा. आणि कॅलेंडरमध्ये पुढच्या सगळ्या सेटलमेंटमधून हप्ता आधीच वजा करा. कर्ज घेतलं की येणारा पैसा लहान होतो, मग तो खड्डा भरायला दुसरं कर्ज, हे चक्र इथंच सुरू होतं.

लवकर पेमेंटची सोय असते तिचाही हिशोब असाच. सात दिवस आधी मिळायला समजा १ टक्का घेतात. आपल्या विक्रेत्याचे सात दिवसांचे ६५ हजार होतात, फी ६५०. तेवढेच पैसे तेवढेच दिवस सीसीतून वापरले तर व्याज १३७. महिन्यातून एखाद्या वेळी मजुरी अडली तर ठीक, पण कायमचं चालू ठेवलं तर आपल्या १७ हजारातले अडीच-तीन हजार तिकडंच गेले.

सेलच्या दोन-तीन महिन्यांसाठी सोनं ठेवून काढायला माझी हरकत नाही, फेडायची तारीख कॅलेंडरमध्ये दिसत असेल तरच. भिशीचा नंबर नेमका कधी लागेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून तिच्यावर दिवाळीचा माल ठरवू नका. पिग्मी मात्र जरूर चालू ठेवा. एजंट रोज दारात येतो, रोजचे दोनशे दिले तर वर्षाला ७३ हजार होतात, आणि त्यावर गरजेला कर्जही मिळतं. पुराच्या आठवड्यातली मजुरी यातून निघते.

पायरी ६: ब्रेक कधी लावायचा

सेलच्या आधी एकच गणित करा. हातातली रोख आणि सीसीतली न वापरलेली मर्यादा यांची बेरीज, त्यातून दोन आठवड्यांची मजुरी आणि पुढचा जीएसटी बाजूला काढा, उरलेल्याला आठ हजाराने भागा. समजा १ लाख ३० हजार निघाले, त्यातले ५० हजार बाजूला काढले, ८० हजार राहिले, म्हणजे रोजचे दहा जोड वाढवता येतात. वीसचे तीस. चाळीस नाही.

तीसच्या पुढं ऑर्डर जायला लागली की आधी जाहिरात बंद करा, मग पॅनलवरची स्टॉकची संख्या कमी दाखवा, तरीही थांबत नसेल तर वीस-तीस रुपये भाव वाढवा. ऑर्डर घेऊन कॅन्सल करायची नाही, त्याने रेटिंग पडतं, आणि काही ठिकाणी रेटिंगवरच पेमेंटचे दिवस ठरतात, म्हणजे १७ चे २० झाले की सगळं गणित पुन्हा.

सेलनंतरचे तीन आठवडे सगळ्यात जपायचे. रिटर्न तेव्हा येतात आणि कापले जातात तेव्हाच्या सेटलमेंटमधून, विक्री मात्र पुन्हा वीसवर आलेली असते. रोज तीस जोडांच्या विक्रीवरची रिटर्न रोज वीस जोडांच्या पैशातून वजा होतात, त्यामुळं नोव्हेंबरमधला एखादा हप्ता अगदी किरकोळ येतो. दिवाळीच्या आठवड्यात जमा झालेल्या मोठ्या सेटलमेंटमधले वीस टक्के वेगळ्या खात्यात ठेवा आणि शेवटच्या सेल ऑर्डरीची रिटर्नची मुदत संपेपर्यंत त्याला हात लावू नका. ती मुदत संपली, फॉर्म्युल्याचा आकडा शून्याजवळ आला, की मग तेच पैसे सीसीमध्ये भरून मर्यादा मोकळी करा, कारण जानेवारीपासून पुन्हा ऊन पडतंय, कारागीर जोमात असतात, आणि लग्नसराईचा माल तेव्हाच घ्यायला लागतो.